विमान चुकलं, भाडं बुडालं. विमानतळाचे कर मात्र परत मागा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकिटावर ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलंय आणि आम्ही विमानतळावर गेलोच नाही. तरीही काही परत मिळतं का?

मिळतं. तिकिटाची रक्कम एकच दिसत असली तरी तिच्यात दोन वेगवेगळ्या खिशांचे पैसे असतात. मूळ भाडं आणि इंधन अधिभार कंपनीचे. विमानतळाचं वापरकर्ता शुल्क आणि सुरक्षा शुल्क कंपनी फक्त गोळा करते आणि पुढे भरते. ‘नॉन-रिफंडेबल’ हा शिक्का पहिल्या खिशावर असतो, दुसऱ्यावर नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, तिकिटांच्या परताव्याबद्दल नियम आहे : नागरी विमान वाहतूक आवश्यकता, विभाग 3, मालिका M, भाग II. हा नियम 2008 चा. 2016 मध्ये तो सुधारला आणि त्या वर्षीच्या 1 ऑगस्टपासून लागू झालेल्या मजकुरात हे स्पष्टच लिहिलं : तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा प्रवासी आलाच नाही, तरी वैधानिक कर आणि वापरकर्ता शुल्कासारखी विमानतळाची शुल्कं प्रवाशाला परत द्यायची. पुढचं वाक्य आणखी कामाचं आहे. सवलतीचं, सेलमधलं, मूळ भाडं परत न मिळणारं, असं कुठलंही तिकीट असलं तरी हे लागू आहे.

कंपनीने ते पैसे विमानतळाला भरून टाकले असतील ना?

नाही, आणि सगळ्या दाव्याचं मूळ इथेच आहे. वापरकर्ता शुल्क आणि सुरक्षा शुल्क यांचा हिशोब विमानात बसलेल्या माणसांच्या डोक्यांवर होतो, विकलेल्या तिकिटांवर नाही. चिकलठाण्याहून उडालेल्या विमानाची 70 तिकिटं विकली गेली आणि 66 माणसं बसली, तर हिशोब 66 जणांचा. उरलेल्या चौघांकडून घेतलेलं शुल्क कंपनीकडेच पडून राहतं. तुम्ही मागितलं नाही, तर ते तिथेच राहतं. तक्रार लिहिताना हा मुद्दा डोक्यात ठेवा : तुम्ही सवलत मागत नाही, ज्या सेवेसाठी पैसे घेतले आणि जी सेवा झालीच नाही तिचे पैसे मागताय.

कोणत्या ओळी परत मिळतात, हे तिकिटावर कसं ओळखायचं?

ई-तिकिटाच्या पीडीएफमध्ये किंवा बिलात भाड्याची फोड असते. ट्रॅव्हल्सवाल्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या तिकिटात बऱ्याचदा ती नसते. फक्त एकूण रक्कम असते, किंवा तीही खोडलेली असते. तसं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून मूळ तिकीट उतरवून घ्या. ते करताच येत नसेल तर ट्रॅव्हल्सवाल्याकडे ‘फेअर ब्रेकअपसकट तिकीट पाठवा’ असं नेमकं म्हणा.

फोडीत पहिली शोधायची ओळ सुरक्षा शुल्काची, Aviation Security Fee. देशांतर्गत प्रवासासाठी ती एप्रिल 2021 पासून 200 रुपये आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून तिकिटावर 236 दिसते. हा 236 चा आकडा दिसला की समजायचं, ओळ सापडली. दुसरी ओळ User Development Fee, म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क. हे विमानतळागणिक वेगळं असतं. मुंबई, दिल्लीसारख्या ठिकाणी ते निघणाऱ्यांबरोबर येणाऱ्यांनाही लागतं, म्हणून एकाच तिकिटावर त्याचे दोन आकडे असू शकतात. दोन्ही मागायचे.

काही कंपन्यांच्या तिकिटावर शब्दांऐवजी दोन अक्षरी खुणा असतात. `P2` म्हणजे सुरक्षा शुल्क, `IN` म्हणजे वापरकर्ता शुल्क, `K3` म्हणजे जीएसटी. `YQ` आणि `YR` या खुणा करांच्या रकान्यात बसलेल्या असल्या तरी तो कर नव्हे. इंधन अधिभार आणि कंपनीने स्वतः लावलेले आकार तिथे येतात. लोक नेमके इथे फसतात. करांच्या रकान्याची बेरीज दोन हजार दिसते, परत सहाशे येतात, आणि वाटतं की कंपनीने चौदाशे गिळले. गिळलेले नसतात, ते `YQ` असतं.

एखादं उदाहरण करून दाखवता का?

छत्रपती संभाजीनगर ते मुंबई, एक प्रवासी, सेलमधलं तिकीट, असं धरू. सुरक्षा शुल्काचा आकडा खरा आहे. बाकीचे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत, तुमच्या तिकिटावर ते वेगळे असतील.

मूळ भाडं 3,400 रुपये. कंपनीचे किरकोळ आकार 100. या 3,500 वर इकॉनॉमीचा 5 टक्के जीएसटी, म्हणजे 175. सुरक्षा शुल्क 236. निघायच्या विमानतळाचं वापरकर्ता शुल्क 300 आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी 54, मिळून 354. मुंबईत उतरण्याचं शुल्क 75 आणि त्यावरचा जीएसटी, मिळून 89. शेवटी कन्व्हिनियन्स फी 350. खात्यातून गेले 4,704.

आता परत येणारी रक्कम : 236, 354 आणि 89, म्हणजे 679 रुपये. मूळ भाडं आणि आकार कंपनीने ठेवले. कन्व्हिनियन्स फी म्हणजे तिकीट काढून दिल्याचा मोबदला. ते काम झालेलं आहे, म्हणून ती येत नाही. एकट्याचे 679 थोडे वाटतील; पण लग्नाला निघालेल्या पाच जणांचं कुटुंब अडकलं तर 3,395 होतात.

त्यात 175 रुपये जीएसटी का नाही धरला? तोही करच आहे की.

रास्त प्रश्न आहे. इथे जरा सावकाश वाचा, कारण चुकीची रक्कम मागितली की अख्खा अर्ज ‘चुकीचा दावा’ म्हणून बाजूला पडतो.

जीएसटी तिकिटात दोन जागी असतो. विमानतळाच्या शुल्कांवरचा जीएसटी, वरच्या उदाहरणातले 36, 54 आणि 14 रुपये, शुल्काबरोबरच परत यायला हवा. शुल्कच राहिलं नाही तर त्यावरचा कर कशाचा? मूळ भाड्यावरच्या जीएसटीचं मात्र वेगळं आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात म्हटलंय की, परत न मिळणाऱ्या विमान तिकिटाची जप्त झालेली रक्कम ही त्या सेवेचाच भाग धरायची आणि मूळ सेवेला जो दर आहे त्याच दराने तिच्यावर कर लावायचा. म्हणजे कंपनीने तुमचे 3,500 ठेवले, तर त्यावरचे 5 टक्के सरकारला भरायची जबाबदारी तिच्यावर राहते. म्हणून बहुतेक कंपन्या ही ओळ परत करत नाहीत.

डीजीसीएच्या नियमात ‘सर्व वैधानिक कर’ असा शब्द आहे आणि त्यावर वाद घालता येतो. पण आमचं मत विचाराल तर 175 साठी 679 अडकवू नका. आधी विमानतळाची शुल्कं पदरात पाडून घ्या.

मागायचं कसं? पायऱ्या सांगा.

आधी बघा, तिकीट कुठून काढलं. कंपनीच्या ॲपवरून किंवा वेबसाइटवरून काढलं असेल तर कंपनीकडे मागायचं. प्रवासाच्या पोर्टलवरून काढलं असेल तर त्या पोर्टलवर. गावातल्या ट्रॅव्हल्सकडून किंवा मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानातून काढलं असेल तर त्याच्याकडे. पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत येतात. दुसऱ्या दारावर कितीही वेळ थांबलात तरी ‘आमच्याकडे बुकिंग नाही, एजंटला विचारा’ एवढंच ऐकू येतं.

कंपनीकडे थेट मागणार असाल तर विमान उडून गेल्यावर एक दिवस जाऊ द्या. उड्डाणाची प्रवासी यादी बंद होऊन तुमच्या नावापुढे ‘नो-शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही, असा शेरा लागायला तेवढा अवधी द्यावा. मग वेबसाइटवर बुकिंग उघडा. काही कंपन्यांनी तिथेच नो-शोच्या करपरताव्याचं बटण किंवा फॉर्म दिलेला असतो. नसेल तर ‘संपर्क’ किंवा ‘तक्रार’ या भागातला फॉर्म भरा. फोनवर बोलायला हरकत नाही, पण बोलणं झाल्यावर तेच लेखी पाठवा, कारण पुढे कामाला येतो तो लेखी तक्रारीचा क्रमांक.

विषयाची ओळ इंग्रजीत आणि अशी नेमकी ठेवा :

```
No-show: refund of UDF and ASF only, PNR ABC123
```

यातला `only` हा शब्द सगळ्यात जास्त काम करतो. नुसतं ‘रिफंड द्या’ लिहिलं की समोरचा माणूस भाड्याचे नियम उघडतो, ‘नॉन-रिफंडेबल’ बघतो आणि दोन मिनिटांत ठरलेलं उत्तर चिकटवून तक्रार बंद करतो. तुम्ही भाडं मागतच नाही, हे पहिल्याच ओळीत कळलं पाहिजे.

खाली मजकुरात पीएनआर, प्रवासाची तारीख, विमानाचा क्रमांक, न गेलेल्या प्रत्येक प्रवाशाचं तिकिटावर आहे तसंच नाव, आणि शुल्कांचे आकडे बेरजेसकट लिहा. डीजीसीएच्या नियमाचा विभाग, मालिका, भाग एका ओळीत द्या. पैसे कशाने भरले ते सांगा : कार्डाचे शेवटचे चार अंक किंवा यूपीआय व्यवहाराचा क्रमांक. पूर्ण कार्ड क्रमांक कधीच नाही. तिकिटाची पीडीएफ जोडा. का गेला नाहीत त्याची कहाणी लिहू नका. घाटात गाडी बंद पडली की घरात कोणी आजारी झालं, याने करांच्या परताव्यात एक रुपयाचाही फरक पडत नाही, उलट वाचणाऱ्याला वाटतं की तुम्ही माणुसकीच्या नात्याने भाडं मागताय.

वेब चेक-इन केलं होतं, पण गेलो नाही. आता ‘तुम्ही प्रवास केलाय’ असं सांगतात.

हे सर्रास होतं. आदल्या दिवशी घरी बसून चेक-इन केलं की कंपनीच्या यंत्रणेत तुमच्या तिकिटाची स्थिती ‘चेक-इन झालेलं’ अशी बदलते. उड्डाणाच्या वेळी गेटवरच्या कर्मचाऱ्याने तुमचं नाव उतरवायला हवं. ते होतंही, पण तिकिटाच्या नोंदीत ते नेहमी पोचत नाही, आणि कॉल सेंटरवाल्याला पडद्यावर अर्धवट माहिती दिसते.

उपाय सोपा आहे : ‘चेक-इन’ आणि ‘बोर्डिंग’ हे दोन शब्द वेगळे ठेवा. लिहा की चेक-इन केलं होतं, बोर्डिंग झालेलं नाही. उड्डाणाच्या बोर्डिंग नोंदी तपासा, असंही कंपनीला लिहा. गेटवर स्कॅन झालेल्या पासांची यादी कंपनीकडे असते आणि तुमचं आसन तिच्यात नसतं. त्याच रात्री दुसऱ्या विमानाने किंवा रेल्वेने गेला असाल तर ते तिकीट जोडा.

सहा जणांचं एकच बुकिंग होतं. चौघे गेले, दोघे राहिले.

पीएनआर एकच असल्यामुळे वरवर बघणाऱ्याला ‘प्रवास झाला’ असं दिसतं. अर्जात राहिलेल्या दोघांचीच नावं लिहा आणि रक्कमही दोघांचीच. लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांमध्ये प्रत्येक प्रवाशाला वेगळा तेरा अंकी तिकीट क्रमांक असतो. तो दिला की गोंधळ उरत नाही. पैसे मात्र ज्याच्या कार्डावरून गेले त्याच्याच कार्डावर येतील. पुण्यातल्या पुतण्याने सगळ्यांची तिकिटं काढली असतील तर परतावा पुतण्याला येणार. आपसातला हिशोब घरी करा.

दोन वर्षांखालच्या बाळाचं तिकीट असेल तर फोड आधी बघा. त्याच्यावर ही शुल्कं बहुधा लावलेलीच नसतात, म्हणून परतही काही नसतं.

जातानाचं विमान चुकलं. परतीचं तिकीट त्याच बुकिंगमध्ये आहे. त्याचं काय?

आधी परतीचं तिकीट जिवंत आहे का ते विचारा, आणि त्याच दिवशी विचारा. बऱ्याच कंपन्यांचा नियम असा की पहिला टप्पा वापरला नाही तर पुढचे टप्पे आपोआप रद्द. आंतरराष्ट्रीय तिकिटांवर हे जवळजवळ ठरलेलंच आहे. हैदराबादहून दुबईला जाणारं विमान चुकलं, मग मुंबईहून दुसऱ्या तिकिटाने गेलात, आणि महिन्याने परत येताना काउंटरवर कळलं की परतीचं तिकीट शिल्लकच नाही, अशी वेळ येऊ देऊ नका.

रद्द झालेल्या परतीच्या टप्प्याचीही शुल्कं परत मागता येतात. अर्जात दोन्ही टप्पे वेगळे दाखवा, कारण फक्त चुकलेल्या टप्प्याचे पैसे देऊन विषय मिटवण्याकडे कल असतो.

ट्रॅव्हल्सवाला म्हणतो, कंपनीकडून काहीच आलं नाही.

कदाचित खरं बोलत असेल. आपल्याकडच्या लहान एजंटांपैकी बरेच जण स्वतः थेट कंपनीकडून तिकीट काढत नाहीत. एखाद्या मोठ्या घाऊक पोर्टलवर त्यांचं वॉलेट असतं, त्यातून तिकीट निघतं. परताव्याची वाट मग अशी : कंपनी, घाऊक पोर्टल, एजंटचं वॉलेट, तुम्ही. तीन हातांतून रक्कम यायची, आणि प्रत्येक हाताला कोणीतरी विनंती टाकल्याशिवाय तो हलत नाही. पहिली विनंती एजंटनेच पोर्टलवर टाकायची असते, ‘कॅन्सल’ म्हणून नव्हे तर ‘नो-शो’ म्हणून. ‘कॅन्सल’ टाकलं की यंत्रणा उत्तर देते : उड्डाण होऊन गेलं, रद्द करता येत नाही. एजंट ते उत्तर तुम्हाला दाखवतो आणि विषय तिथेच संपतो.

त्याच्याकडून पोर्टलवरच्या विनंतीचा क्रमांक मागा. तो देता येत नसेल तर विनंती टाकलेलीच नाही असं समजा. क्रमांक असेल तर थांबा, पण किती थांबायचं हेही ठरलेलं आहे. 2016 च्या नियमानुसार एजंट किंवा पोर्टलमार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी. आणि परतावा पूर्ण करायला 2016 च्या मजकुरात 30 कामकाजाचे दिवस दिले होते. नियमात वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून अर्जात दिवस लिहिण्याआधी डीजीसीएच्या संकेतस्थळावरची चालू प्रत उघडून बघा.

एजंटला रोख पैसे दिले असतील आणि पावती नसेल तर अवघड जातं. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, ‘पैसे मिळाले’ असा त्याचा मेसेज, एवढं तरी जपून ठेवा. तो स्वतःचे शंभर-दोनशे कापणार असेल तर आधी सांगायला लावा. पोर्टलवर खेटे घालण्याचं काम त्याने केलेलं असतं, तेव्हा वाजवी रकमेवर भांडण करण्यात अर्थ नाही.

थेट कंपनीकडून काढलं असेल तर किती दिवस लागतात?

क्रेडिट कार्डाने भरले असतील तर नियमात सात दिवस आहेत. कंपनीच्या काउंटरवर रोखीने काढलं असेल तर त्याच कार्यालयातून लगेच. प्रत्यक्षात नो-शोचा अर्ज हाताने तपासला जातो, म्हणून मंजुरी मिळेपर्यंतच बऱ्याचदा आठवडा जातो. मंजुरीचा ईमेल आला आणि खात्यात काही दिसत नाही, तर कंपनीकडून परताव्याचा संदर्भ क्रमांक घ्या आणि तो बँकेला द्या.

परतावा द्यायचे 300 रुपये कापले. असं करता येतं का?

देशी कंपनीला नाही. परताव्याची प्रक्रिया करण्यासाठी वेगळा आकार लावायचा नाही, असं नियमातच आहे.

रोख न देता ‘क्रेडिट शेल’मध्ये टाकलं.

शेल म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहिलेली रक्कम. तुम्ही हो म्हटलं असेल तरच ती तिथे टाकता येते. शेलमध्ये रक्कम ठेवायची की नाही, ही निवड प्रवाशाची. कंपनीने परस्पर तसं करायचं नाही. फॉर्म भरताना मात्र घाईत खूण करू नका, कारण काही पानांवर शेलचा पर्याय आधीच निवडलेला असतो. शेलला मुदत असते, आणि वर्षातून एकदा विमानाने जाणाऱ्याच्या हाती शेवटी धुपाटणंच येतं.

परदेशी कंपनीचं तिकीट असेल तर?

इथे नियमाचा जोर कमी पडतो. परदेशी कंपन्यांनी परतावा आपापल्या देशाच्या नियमांप्रमाणे द्यायचा, असं डीजीसीएचाच नियम म्हणतो. पैसे कोणत्या मार्गाने परत द्यायचे एवढ्यापुरताच तो त्यांना लागू होतो. तरी बऱ्याच परदेशी कंपन्या न वापरलेले कर मागितल्यावर देतात. फरक असा की काही जण प्रक्रियेचा आकार कापतात, आणि तो कधीकधी कराएवढाच असतो. आधी आकार विचारा, मग अर्ज करा.

आंतरराष्ट्रीय तिकिटावरची रक्कम मोठी असते, म्हणून कष्ट वाया जात नाहीत. भारतातून निघणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रवाशाचं सुरक्षा शुल्कच 12 डॉलर आहे. ब्रिटनहून परतीचं तिकीट असेल तर `GB` आणि `UB` या खुणा बघा. पहिली तिथल्या सरकारचा प्रवासी कर, दुसरी विमानतळाचा आकार. शिकायला गेलेल्या मुलामुलींची परतीची तिकिटं वाया जातात तेव्हा घरच्यांचं लक्ष भाड्याकडे असतं आणि या दोन ओळी राहून जातात.

किती जुन्या तिकिटाचे पैसे मागता येतात?

कंपन्या आपापल्या अटींत मुदत ठेवतात. मोठ्या कंपन्यांचं तिकीट साधारण वर्षभर वैध धरलं जातं. काहींची मुदत त्याहून बरीच कमी असते. शक्यतो पहिल्याच महिन्यात मागा, म्हणजे या वादात पडावंच लागत नाही.

मग विमान चुकणार हे आधीच कळलं तर रद्द करण्यात काय फायदा? भाडं तसंही जाणारच.

फायदा आहे, आणि बहुतेकांना तो माहीत नसतो. स्वस्त तिकिटावर रद्द करण्याचा आकार बऱ्याचदा भाड्याएवढाच निघतो. पण नियमाप्रमाणे तो मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे रद्द केलंत तरी कर शिल्लक राहतात, आणि ते यंत्रणा स्वतः मोजून परत पाठवते. अर्ज नाही, ईमेल नाही. नो-शो झालात तर तीच रक्कम मागून घ्यावी लागते.

पैठणहून निघालात, जालना रोडवर अडकलात आणि काउंटर बंद व्हायच्या आत पोचत नाही हे कळलं, तर गाडीतूनच ॲप उघडा. देशांतर्गत काउंटर साधारण उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. ऑनलाइन रद्द करण्याची मुदत कंपनीगणिक वेगळी आणि काहींची त्याच्याही आधीची असते. पडद्यावर ‘परतावा 679’ दिसला की रद्द करा. ‘परतावा 0’ दिसला तर बटण दाबण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. पुढच्या तक्रारीला त्याहून चांगला कागद नाही.

कंपनीने नकार दिला. पुढे कुठे?

प्रत्येक देशी कंपनीच्या वेबसाइटवर नोडल अधिकारी आणि त्यांच्या वरचे अपील अधिकारी यांचे ईमेल दिलेले असतात. पहिल्या तक्रारीच्या क्रमांकासकट नोडल अधिकाऱ्याला लिहा. तिथेही दाद लागली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर, `airsewa.gov.in` इथे, तक्रार टाका. आधीचा नकार जोडला की तिथे काम पुढे सरकतं. न जोडता टाकली की ‘आधी कंपनीकडे जा’ म्हणून परत येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही आहे.

शेवटचं दार जिल्हा ग्राहक आयोगाचं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बीडच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. दाखल ऑनलाइनही करता येते, `e-jagriti.gov.in` वर. एकट्या 679 रुपयांसाठी तारखांना जाणं परवडत नाही, हे खरंच आहे. सहा जणांचं आंतरराष्ट्रीय तिकीट असेल तर मात्र वेगळा विचार करा.

गुगलवर कंपनीचा ‘रिफंड नंबर’ मिळाला, ते ओटीपी मागतात.

फोन ठेवा. परताव्याला ओटीपी लागत नाही, यूपीआयचा पिन लागत नाही, आणि स्क्रीन दाखवणारं कुठलंही ॲप लागत नाही. क्रमांक घ्यायचा तो कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा तिकिटाच्या पीडीएफवरून. ओटीपी देऊन बसला असाल तर बँकेला कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तिकिटाचं नंतर बघू.